कागदावर लाल शाईनं लिहिलेली पेनिसिलिनची ॲलर्जी

प्रश्न: सर, यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मी सात महिन्यांपूर्वी दातांचा दवाखाना टाकला. दर आठवड्याला एखादा तरी पेशंट ‘मले पेनिसिलिन चालत नाही’ म्हणतो. काय झालं होतं विचारलं तर धड सांगता येत नाही. मी रिस्क न घेता सरळ क्लिंडामायसिन लिहून देते. हे बरोबर आहे का? खरी ॲलर्जी ओळखायची कशी, टेस्ट डोस द्यावा का, आणि पेनिसिलिन नाही तर दुसरं काय द्यावं?

उत्तर:

क्लिंडामायसिन लिहून तुम्ही रिस्क टाळत नाही, एक सोडून दुसरी घेता. त्याबद्दल पुढे सांगतो. आधी मागच्या कापूस वेचणीच्या दिवसांतला एक पेशंट सांगतो, कारण तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरं त्या एका बाईत होती.

वय अंदाजे पंचेचाळीस, कापूस वेचायला जाणारी. खालची उजवी पहिली दाढ किडलेली, गालावर सूज, ताप १०१. सुपारी-तंबाखूच्या खर्‍यामुळे तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. सोबतच्या कागदावर लाल शाईनं ‘पेनिसिलिन ॲलर्जी’ लिहून खाली दोन रेघा ओढलेल्या. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, काय झालं होतं, यातलं काहीच त्यावर नव्हतं. असे कागद तुम्हीही रोज बघत असाल.

मी विचारलं, “मावशी, काय झालं होतं तेव्हा?”

“त्या लाल कॅप्सूलनं आंगावर गांध्या उठल्या होत्या जी.”

“किती वर्षं झाली?”

“लय झाले. धाकटा रांगत होता.”

“धाकटा आता काय शिकतो?”

“अकरावीत हाये.”

म्हणजे पंधरा-सोळा वर्षं. आपल्याकडे साल विचारून उपयोग नसतो. लेकरं, लग्न, घर बांधलं, बैल विकला, यावरून साल काढावं लागतं. मग विचारलं, गोळी घेतल्यावर किती वेळानं? “जेवून गोळ्या घेतल्या अन् भांडे घासाले बसली, तं आंग खाजवाले लागलं.” म्हणजे अर्ध्या तासाच्या आत. श्वास कोंडला नव्हता, चक्कर नव्हती, सलाईन लागलं नव्हतं. काही औषध न घेता रात्रीतून गांध्या विरल्या.

इथवर ऐकून कुणालाही वाटेल की ही खरीच ॲलर्जी. गांध्या खऱ्याच होत्या. लवकर उठल्या, खाजल्या, काही तासांत गेल्या, हे सगळं खऱ्या ॲलर्जीचंच लक्षण. पण माझा पुढचा प्रश्न वेगळा होता: त्या पुडीत अजून काय होतं? “एक कॅप्सूल, एक पांढरी गोळी, एक बारकी.” आपल्याकडे दातदुखीची पुडी म्हणजे जवळजवळ नेहमी अँटिबायोटिक, दुखण्याची गोळी आणि ॲसिडिटीची गोळी. कॅप्सूल रंगीत असते म्हणून ती लक्षात राहते आणि दोष तिच्यावर जातो. पांढऱ्या गोळीला कुणी विचारत नाही.

मग मी तिला पन्नीतले जुने कागद टेबलावर ओतायला लावले. ही सवय तुम्हीही लावून घ्या, पाच मिनिटं जातात पण वसूल होतात. त्यात तीन वर्षांपूर्वीचा एक कागद निघाला: विळ्यानं हात कापला म्हणून अमॉक्सिसिलिन ५०० च्या कॅप्सूल पाच दिवस आणि पॅरासिटामॉल.

“या खाल्ल्या होत्या का?”

“सगळ्या खाल्ल्या जी.”

“तेव्हा गांध्या?”

“नाही, काहीच नाही.”

पेनिसिलिनची ॲलर्जी आहे म्हणणाऱ्या बाईनं पाच दिवस पेनिसिलिनच खाल्लं होतं आणि तिला काही झालं नव्हतं. अमॉक्सिसिलिन म्हणजे पेनिसिलिनच, हे ना तिला माहीत होतं, ना त्या दिवशी कुणी लाल रेघ वाचली होती. मग मी विचारलं, त्यानंतर गांध्या पुन्हा कधी उठल्याच नाहीत का?

“उठल्या ना. मागच्या दिवाईत कंबरेत चमक भरली तं सुई मारली. घरी येवोत तं डोये सुजले, ओठ हा एवढा झाला.”

तो कागदही पन्नीत होता. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन.

आता विचार करा. ‘पेनिसिलिन ॲलर्जी’ वाचून मी क्लिंडामायसिन लिहिलं असतं आणि दुखण्यासाठी सवयीनं डायक्लोफेनॅक दिलं असतं, तर निर्धोक औषध टाळून घातक औषध हातात ठेवलं असतं. डायक्लोफेनॅकनं गांध्या आणि सूज येणाऱ्या बऱ्याच लोकांना आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिननंही येते, कारण ती सगळी एकाच रासायनिक वाटेवर काम करतात. पॅरासिटामॉल ५०० बहुतेकांना चालते, मात्र डोस मोठा केला तर काहींना तीही त्रास देते. दातांच्या पेशंटमध्ये अँटिबायोटिक आणि वेदनाशामक जवळजवळ नेहमी जोडीनं दिलं जातं, म्हणून हा घोटाळा आपल्याच धंद्यात जास्त होतो.

तिच्या दाढेचं काय केलं? तोंड कमी उघडत असलं तरी गालाच्या बाजूची सूज हाताशी होती. जागा बधिर करून चीर दिली, पू काढला, पू वाहत राहावा म्हणून रबराची पट्टी ठेवली. अमॉक्सिसिलिन ५०० दिवसातून तीनदा आणि पॅरासिटामॉल दिली. पहिली कॅप्सूल माझ्यासमोर घ्यायला लावून तासभर बाकड्यावर बसवलं. तीन वर्षांपूर्वी औषध चाललेलं असताना याची खरं तर गरज नव्हती, पण लाल शाईचा धाक माझ्याही मनात थोडा होताच. तिसऱ्या दिवशी ताप नव्हता, चौथ्या दिवशी दाढ काढली आणि कॅप्सूल पाचव्या दिवशी बंद केल्या.

आता तुमचा मुख्य प्रश्न, खरी ॲलर्जी ओळखायची कशी. पाश्चात्त्य देशांतल्या तपासण्यांत वारंवार दिसलंय की साधारण दहातला एक माणूस स्वतःला पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचं सांगतो, आणि नीट तपासलं तर अशा दहांपैकी नऊ जणांना पेनिसिलिन चालतं. काहींना मुळात ॲलर्जी नव्हतीच, काहींची ओसरली. हेही लक्षात ठेवा की ताबडतोब येणारी खरी ॲलर्जीही कायमची नसते. पाच वर्षांत निम्म्या लोकांची जाते, दहा वर्षांत जवळपास ८० टक्के लोकांची.

पेशंट जे सांगतो ते मनात तीन ढिगांत टाकत जा. पहिला ढीग ॲलर्जी नसलेल्या गोष्टींचा: मळमळ, जुलाब, तोंड येणं, योनीमार्गात खाज. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटनं जुलाब होणं ही तर रोजचीच तक्रार. सुई पाहून घेरी येणं याच ढिगात येतं. ‘इंजेक्शन दिलं अन् रिअॅक्शन आली’ म्हणणारे निम्मे लोक घाबरून पडलेले असतात. घेरीत माणूस पांढराफटक, गार, घामेजलेला असतो आणि नाडी मंद असते. ॲलर्जीत नाडी धावते, अंग लाल होतं, खाजतं. नुसती धडधड झाली असेल तर ती आपल्याच बधिर करायच्या इंजेक्शनमधल्या ॲड्रेनालिनची असू शकते.

दुसरा ढीग ताबडतोबच्या ॲलर्जीचा. औषध घेतल्यापासून तासाभरात, फार तर काही तासांत, गांध्या, ओठ-पापण्यांची सूज, आवाज बसणं, धाप, रक्तदाब कोसळणं. गांधी ओळखायची खूण अशी की एकेक गांधी चोवीस तासांत त्या जागेवरून जाते आणि मागे डाग राहत नाही.

तिसरा ढीग उशिराच्या पुरळाचा. औषध सुरू करून तीन-चार दिवस झाल्यावर गोवरासारखं सपाट पुरळ, जे काही दिवस टिकतं. लहान मुलांमध्ये ते बऱ्याचदा मूळ विषाणूच्या तापाचंच असतं, अमॉक्सिसिलिनवर उगाच आळ येतो. यात सहसा जीवाला धोका नसतो, पण एक मोठा अपवाद आहे: पुरळासोबत तोंडात, डोळ्यांत, लघवीच्या जागी फोड आले असतील, कातडी सोलून निघाली असेल, तर त्या माणसाला आयुष्यात पुन्हा पेनिसिलिन द्यायचं नाही. चाचणीही करायची नाही आणि पेनिसिलिनच्या कुळातलं दुसरं औषधही द्यायचं नाही.

ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २०२० साली पेन-फास्ट नावाची गुणमोजणी प्रसिद्ध केली, ती मी टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. रिअॅक्शन पाच वर्षांच्या आत झाली असेल तर २ गुण. चेहरा-ओठ-घसा सुजला, जीव धोक्यात आला किंवा कातडी सोलणारं पुरळ आलं असेल तर २ गुण. उपचार घ्यावे लागले असतील, किंवा घेतले की नाही हे आठवत नसेल, तर १ गुण. बेरीज शून्य आली तर खरी ॲलर्जी निघण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी. एक-दोन आली तर शंभरात पाचेक, तीन आली तर वीसेक, चार-पाच आली तर निम्मी. त्या मावशीच्या पेनिसिलिनच्या गोष्टीची बेरीज शून्य होती. पन्नीतला कागद सापडला नसता तरी तिचा धोका कमीच होता. पण शून्य गुण म्हणजे ‘द्या बिनधास्त’ असं मात्र नाही. नंतर कधी पेनिसिलिन घेतल्याचा पुरावा नसेल तर अशा पेशंटला डॉक्टरांच्या देखरेखीत तोंडानं एक डोस देऊन पाहतात. ते काम दवाखान्यात सूज-ताप असताना घाईनं करायचं नाही. पेशंट बरा झाल्यावर मेडिकल कॉलेजला चिठ्ठी देऊन पाठवायचं.

टेस्ट डोसबद्दल माझं मत कडक आहे: देऊ नका. कुपीतलं औषध पातळ करून हातावर टोचायचं, पंधरा मिनिटांनी लाली बघायची, ही आपल्याकडे रूढ पद्धत आहे. पण शरीर ज्याला ओळखतं ते बहुतेक वेळा पेनिसिलिन तुटून तयार झालेले पदार्थ असतात, आणि प्रमाणित चाचणीत ते वेगळे तयार करून वापरावे लागतात. तुमच्या पातळ केलेल्या थेंबात ते ठरलेल्या प्रमाणात नसतात. म्हणून लाली आली नाही तर खात्री पटत नाही, आणि लाली आली तर ती नुसती चुरचुरण्याचीही असू शकते. शिवाय ज्याला खरीच जबर ॲलर्जी आहे त्याला तो थेंबही पुरतो. मग तुमच्या खुर्चीत तुम्ही आणि तो, दोघंच.

आता पर्यायी औषधं. त्याआधी एक तक्रार, रागावू नका. पर्याय शोधायची वेळ निम्म्या वेळा येऊच नये. ताप नाही, गालावर सूज नाही, नुसती दाढ ठणकते, तर अँटिबायोटिक कुठलंच लागत नाही. नस उघडा किंवा दाढ काढा. पू असेल तर वाट करून द्या. सूज पसरत असेल, ताप असेल, गाठी आल्या असतील, तरच औषध, आणि तेही कामासोबत, कामाऐवजी नाही. जिभेखालचा भाग उचलला गेला, गिळता येईना, मान आवळून आली, तर औषधाचा विचारही न करता गाडी करून मोठ्या दवाखान्यात पाठवा.

गोष्ट जुनी, सौम्य, फक्त पुरळाची असेल आणि गांध्या-सूज-धाप नसेल, तर सेफॅलेक्सिन ५०० दिवसातून चारदा. ‘पेनिसिलिन चालत नाही त्यातल्या १० टक्क्यांना हेही चालत नाही’ हे आपण कॉलेजात शिकलो. तो आकडा जुन्या काळचा. तेव्हाच्या औषधातच पेनिसिलिनचा अंश मिसळलेला असे. आता तो साधारण २ टक्के धरतात. खरी मेख रेणूच्या बाजूच्या फांदीत आहे. सेफॅलेक्सिनची फांदी ॲम्पिसिलिनसारखी आणि सेफाड्रॉक्सिलची थेट अमॉक्सिसिलिनसारखी. म्हणून अमॉक्सिसिलिननं ओठ सुजलेल्या माणसाला या दोन्ही द्यायच्या नाहीत. तालुक्यात सर्रास लिहिली जाणारी सेफिक्झिमची फांदी वेगळी आहे हे खरं, पण दाताच्या पूमधल्या बिनहवेच्या जंतूंवर ती लंगडी पडते.

गोष्ट दुसऱ्या ढिगातली असेल, तर ॲझिथ्रोमायसिन: पहिल्या दिवशी ५००, पुढे चार दिवस रोज २५०. हृदयाच्या ठोक्याचा आजार असेल किंवा तशी औषधं चालू असतील तर नको. मेट्रोनिडाझॉल ४०० दिवसातून तीनदा हे दुसरं हत्यार, आणि बिनहवेच्या जंतूंवर ते चांगलं चालतं. ब्रिटनमध्ये पेनिसिलिन न चालणाऱ्यांना दाताच्या पूसाठी तेच आधी देतात. मात्र ते लिहिताना दारूचं स्पष्ट विचारा. ‘दारू पिता का’ असं विचारलं तर मोहाची पिणारा नाही म्हणतो, कारण ती त्याच्या लेखी दारू नसते. नाव घेऊनच विचारायचं. औषध चालू असताना आणि संपल्यावर तीन दिवस तिला हात लावायचा नाही. रक्त पातळ करायची वॉरफेरिन चालू असेल तरीही मेट्रोनिडाझॉल नको, रक्तस्राव वाढतो.

क्लिंडामायसिन ३०० दिवसातून चारदा शेवटी ठेवा. औषध वाईट नाही, हाडात चांगलं उतरतं. पण आतड्यातले चांगले जंतू मारून ते क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या जंतूला मोकळं रान देतं, आणि त्या जुलाबानं माणसं दगावलेली आहेत. एका डोसनंतरही असं झालेलं आहे. म्हणूनच २०२१ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननं हृदयाच्या झडपेच्या पेशंटला दात काढण्यापूर्वी द्यायच्या डोसच्या यादीतून ते काढून टाकलं. आता तिथे पेनिसिलिन न चालणाऱ्यांसाठी सेफॅलेक्सिन २ ग्रॅम, ॲझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम किंवा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम आहे. लिहायचंच असेल तर पेशंटला सांगा: पातळ जुलाब लागले की कॅप्सूल बंद, आणि जुलाब थांबायची गोळी स्वतःहून खायची नाही, दवाखान्यात यायचं.

झडपेवरून आठवलं. सांधेतापानं झडप खराब झालेली जी मुलं-बायका दर २१ दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनची सुई घेतात, त्यांच्या कागदावर कुणी ‘ॲलर्जी’ लिहिलेलं असेल तर ते सहन करू नका, छडा लावा. सिकलसेलच्या लेकरांचंही तेच, ज्यांना लहानपणी रोज पेनिसिलिनची गोळी चालू असते. आपल्या गडचिरोली-चंद्रपूर पट्ट्यात असे पेशंट येणारच. त्यांच्यासाठी ती लाल रेघ म्हणजे रोजचं कवच काढून घेणं.

दवाखान्यात ॲड्रेनालिन आहे ना? १ मिलीची कुपी, १ मिलिग्रॅम. माणूस सुजला, धाप लागली किंवा कोसळला तर त्यातलं अर्धा मिली मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, गरज पडली तर कपड्यावरून. आधी ॲव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन देऊन वाट बघायची चूक सगळ्यात जास्त होते. ती दोन्ही नंतर. आडवं झोपवा, पाय वर, उठून बसू देऊ नका, फक्त धाप असेल तर टेकून बसवा. १०८ ला फोन लावा, पाच मिनिटांत फरक नसेल तर पुन्हा तेवढाच डोस. बधिर करायच्या काडतुसातलं ॲड्रेनालिन याला चालत नाही, त्यात ते बहुधा १:८०,००० असतं, म्हणजे या कुपीपेक्षा ८० पट पातळ. आणि मे महिन्यात पत्र्याखालच्या कपाटात कुपी ठेवू नका. पाणी गुलाबी-तपकिरी दिसलं तर ती फेकायची. मी ती खोक्यात, खोलीच्या थंड कोपऱ्यात ठेवतो आणि दर महिन्याच्या एक तारखेला उजेडात धरून बघतो.

त्या मावशीला मी नवा कागद दिला. लाल शाईनंच, पण नीट: ‘डायक्लोफेनॅक इंजेक्शन, मागची दिवाळी, अर्ध्या-पाऊण तासात गांध्या, डोळे-ओठ सुजले. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन देऊ नये. पॅरासिटामॉल ५०० चालते. अमॉक्सिसिलिन चालते, दोनदा घेतलेले आहे.’ जुन्या कागदावर ‘पेनिसिलिन ॲलर्जी’ या ओळीवर आडवी काट मारून तारीख आणि सही केली. फाडला नाही. ती म्हणाली, “मंग कॅप्सूल खराब नव्हती म्हना.” अकरावीतल्या धाकट्यानं दोन्ही कागदांचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवले.